काटा नसलेला सिलिंडर आणि फेज डायग्राम

सणसवाडीच्या एका कंपनीत माझा मामेभाऊ सेफ्टीचं काम बघतो. मागे त्याने विचारलं, "पावडरच्या फायर एक्स्टिंग्विशरवर प्रेशरचा काटा असतो. मग कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर का नसतो? तो भरलेला आहे हे कळायचं कसं?" याचं उत्तर फेज डायग्राममध्ये आहे.

हा आलेख वाचायला सोपा असतो. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर दाब. मधल्या रेषांमुळे तीन प्रदेश पडतात: घन, द्रव आणि वायू. तुमचं तापमान आणि दाब जिथे भेटतात तिथे बोट ठेवा. बोट प्रदेशात पडलं तर पदार्थाची तीच एक अवस्था. रेषेवर पडलं तर रेषेच्या दोन्ही बाजूंच्या अवस्था एकत्र नांदतात.

आता आपला सिलिंडर घ्या. खोलीचं तापमान २५ अंश सेल्सिअस, आतला दाब साधारण ६४ बार. बोट बरोबर द्रव-वायूच्या रेषेवर पडतं, म्हणजे खाली द्रव आणि वर वायू. गंमत अशी, की तापमान २५ अंश असेल आणि आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तर दाब ६४ बारच राहणार. कारण थोडा वायू निघून गेला की द्रवातून तेवढा वायू पुन्हा तयार होतो.

समजा ६.७ लिटरच्या सिलिंडरमध्ये ४.५ किलो माल भरलाय. तो हळूहळू गळत गेला, तर शेवटचा द्रव संपतो तेव्हा आत जेमतेम १.६ किलो वायू उरलेला असतो. तोपर्यंत काटा जागचा हलणार नाही! दाब उतरू लागेल तो त्यानंतर. रेषेवर कोणत्या अवस्था आहेत हे आलेख सांगतो, पण कोणती किती आहे हे सांगत नाही. म्हणून हा सिलिंडर वजन करूनच तपासतात. भरलेल्या मालाचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, की तो पुन्हा भरायला पाठवतात.

ही द्रव-वायूची रेषा ३१ अंश आणि ७४ बारला संपते. त्यापुढे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज ४० वर जातो. तेव्हा भरलेल्या सिलिंडरमधला दाब १०० बारच्या वर चढतो. म्हणून तो उन्हात ठेवायचा नाही.

आणि भोंग्यातून पांढरा बर्फ का उडतो? तिन्ही रेषा उणे ५६.६ अंश आणि ५.२ बार या बिंदूपाशी मिळतात. त्याच्या खालच्या दाबाला द्रवाचा प्रदेशच नाही. बाहेरचा दाब फक्त १ बार. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या द्रवाचा काही भाग वायू होतो, त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या भागातून घेतो आणि तो भाग उणे ७८ अंशांपर्यंत गार होऊन गोठतो.

मामेभावाला एवढंच सांगितलं: काटा शोधू नकोस, वजनकाटा आण.