रात्रपाळीच्या हाती दिलेला बिघाड

सतत चालू राहणारा नेटवर्कचा बिघाड शोधणं त्यामानाने सोपं असतं. काही मिनिटं येऊन आपोआप निघून जाणारा बिघाड मात्र एका पाळीत सापडत नाही. दिवसपाळीच्या इंजिनिअरने रात्रपाळीसाठी लिहिलेल्या नोंदीची खरी कसोटी तिथेच लागते.

समजा, दोन इमारतींमधले ‘अ’ आणि ‘ब’ हे स्विच 10 गिगाबिटच्या फायबर लिंकने जोडलेले आहेत. सकाळी 9.20 ला ‘ब’कडच्या पोर्टवर सीआरसी एरर वाढल्या, म्हणजे डेटाची पाकिटं खराब होऊन पोहोचू लागली. लिंक तुटली नाही, पण फोनवरचे आवाज अडखळले. चार मिनिटांनी सगळं सुरळीत झालं. ‘अ’कडे एकही एरर नाही, ही बाब नोंदीत सुरुवातीलाच हवी. जाण्या-येण्याचे धागे वेगळे असल्याने शोध एकाच दिशेपुरता उरतो: ‘अ’चा प्रकाश पाठवणारा मॉड्यूल, मधला धागा आणि जोडण्या, किंवा ‘ब’चा पोर्ट व मॉड्यूल.

‘पॅच कॉर्ड बदलली, मॉड्यूल बदलला, कनेक्टर साफ केले’ एवढंच लिहिलं, तर रात्रपाळीला त्यातून काहीच ठरवता येत नाही. वेळा लिहिल्या की चित्र स्पष्ट होतं. साडेदहाला ‘ब’कडची पॅच कॉर्ड बदलली, 12.40 ला एरर पुन्हा आल्या. दोनला ‘अ’चा मॉड्यूल बदलला, 4.05 ला तेच. म्हणजे या दोन्ही वस्तूंवरचा संशय जवळपास मिटला. पावणेपाचला कनेक्टर साफ करून पुन्हा नीट बसवले, आणि रात्री आठपर्यंत एकही एरर नाही. पण बिघाड साधारण साडेतीन तासांनी येत होता. साडेसातची एक वेळ टळली म्हणून तो गेला असं म्हणता येत नाही. ‘सुटला’ असा शेरा इथे मारणं चुकीचंच. ‘निरीक्षणाखाली’ हा शब्द योग्य.

काय राहून गेलं, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहावं लागतं. एरर येत असताना ‘ब’कडे प्रकाश किती पोहोचत होता, हे दिवसभरात कुणी पाहिलं नाही. एरवी तो उणे 5 डीबीएम आहे. या प्रकारच्या मॉड्यूलची खालची मर्यादा उणे 14.4. म्हणून रात्रीचं पहिलं काम ठरतं: अकराच्या आणि अडीचच्या सुमारास हे आकडे नोंदवणं.

```
show interfaces transceiver
```

एररबरोबर प्रकाशही घसरला, तर दुमडलेला धागा किंवा सैल जोडणी शोधावी. प्रकाश तसाच राहिला, तर ‘ब’चा मॉड्यूल बदलून पाहावा, मग पोर्ट. तोवर स्विच रीस्टार्ट करू नये, कारण एररचे आकडे त्यात पुसले जातात. बिघाड दहा मिनिटांहून जास्त टिकला, तर वाहतूक राखीव लिंकवर वळवावी आणि ती वेळ नोंदीत लिहावी.