आधी पन्हे मोजा, मग मीटर

पडद्याच्या कापडाचा हिशेब नुसत्या क्षेत्रफळाने केला की कापड हमखास कमी पडतं. कापड ठरावीक पन्ह्याचं मिळतं आणि पडद्याचा प्रत्येक तुकडा वरपासून खालपर्यंत अखंड लागतो. म्हणून आधी किती पन्हे लागतील ते काढायचं आणि त्याला एका तुकड्याच्या लांबीने गुणायचं.

पाच फुटी, म्हणजे साधारण १५० सेंटिमीटर रुंदीची खिडकी घेऊ. पण टेप लावायची ती रॉडला. उघडलेल्या पडद्यांनी काच झाकू नये म्हणून रॉड दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त ठेवतात, झाले १८०. चुण्या भरदार पडायला त्याच्या दुप्पट, ३६० सेंटिमीटर कापड हवं. दोन पडद्यांच्या चार कडांच्या दुमडीला १६ आणि जोडांच्या शिलाईत जाणारे ६ धरून ३८२.

पडद्याच्या कापडाचा ४८ इंची पन्हा १२२ सेंटिमीटरचा. ३८२ म्हणजे तीन पन्ह्यांहून थोडं जास्त. दुकानदार चार सांगेल. मी तीनच घेईन, कारण त्यात चुण्या दुपटीऐवजी सुमारे १.९ पट होतात आणि हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. प्रमाण दीडपटीच्या खाली गेलं, तर मात्र बंद केलेला पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा सपाट दिसतो. झिरझिरीत कापडाला अडीचपट तरी हवंच.

आता उंची. रॉडपासून जमिनीच्या बोटभर वरपर्यंत २१५ सेंटिमीटर भरले. वरच्या पट्टीला १२ आणि खाली १० सेंटिमीटरच्या दुहेरी दुमडीला २० मिळवले की एक तुकडा २४७ चा. तीन तुकड्यांना ७४१. म्हणून साडेसात मीटर घ्यायचं. क्षेत्रफळाने गेलो असतो, तर ३६० गुणिले २१५ ला पन्ह्याने भागून ६.३ मीटर आले असते. त्यात पूर्ण लांबीचे दोनच तुकडे निघतात आणि उरलेला सुमारे १.४ मीटरचा तुकडा पडद्याच्या कामाचा राहत नाही.

तिसरा तुकडा उभा चिरून अर्धा-अर्धा दोन्ही पडद्यांना जोडतात. जोड भिंतीकडच्या बाजूला घ्यायला शिंप्याला सांगावं, म्हणजे तो चुण्यांत लपतो. मखमलीचा एक अर्धा उलटा लागला, तर उजेडात त्याचा रंग वेगळा दिसतो.

छापील कापडात एक फूल दुसऱ्या तुकड्यातल्या फुलाशी जुळायला हवं. नक्षी दर ६४ सेंटिमीटरला फिरून येत असेल, तर २४७ च्या जागी चार नक्ष्यांचे २५६ धरावे लागतात. तीन तुकड्यांना ७६८, म्हणजे पावणेआठ मीटर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते कापण्याआधी भिजवून वाळवायचं आणि त्यासाठी आणखी पाव ते अर्धा मीटर जास्त घ्यायचं.