वर्गाची सरासरी २१ मिनिटं, पण २१ मिनिटं लागतात कुणाला?

नववीच्या गणितात ‘सांख्यिकी’ या प्रकरणात मुलांची मध्य, मध्यक आणि बहुलक यांच्याशी ओळख होते. मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. सगळे प्राप्तांक मिळवायचे आणि एकूण संख्येने भागायचं. मध्यक काढताना प्राप्तांक चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला उचलायचा. जो प्राप्तांक सर्वांत जास्त वेळा आला, तो बहुलक. रीत सोपी असल्यामुळे उत्तरंही बहुतेकांची बरोबर येतात. पण ‘या उत्तरावरून काय कळलं?’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. उदाहरणातले आकडे कुणाचे आहेत, हेच मुलांना माहीत नसतं. तेच आकडे वर्गातल्या मुलांचे असले, तर चित्र बदलतं. मग उत्तर चुकीचं आहे की नुसतं फसवं आहे, याचा निवाडा मुलं स्वतः करू शकतात.

सामग्री निवडताना मात्र जपावं लागतं. वजन, घरचं उत्पन्न, चाचणीचे गुण हे विषय टाळलेले बरे, कारण त्यात कुणीतरी हमखास अवघडतं. ‘घरून शाळेत पोहोचायला किती मिनिटं लागतात?’ हा प्रश्न चालतो. उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि कोण कुठून येतं हे वर्गाला ठाऊक असतं.

समजा, तालुक्याच्या गावातली एक शाळा आहे. वर्गातली ११ मुलं गावातली, चालत किंवा सायकलने येणारी. चौघं लांबच्या वाड्या-वस्त्यांवरून एसटीने येतात. त्यांनी सांगितलेली मिनिटं चढत्या क्रमाने अशी: ५, ७, ८, १०, १०, १०, १०, १५, १५, १५, २०, ४०, ४५, ४५, ६०. बेरीज ३१५. तिला १५ ने भागलं की मध्य येतो २१. मध्यक म्हणजे आठवा प्राप्तांक, तो १५. आणि १० हा आकडा चार वेळा आल्यामुळे बहुलक १०. इथे काही मुलं बहुलक ‘४’ लिहितात, म्हणजे प्राप्तांकाऐवजी त्याची वारंवारता लिहितात. ‘चार मिनिटांत कोण येतं?’ एवढा एक प्रश्न विचारला की ही चूक त्यांची त्यांना सापडते.

मध्यक फळ्यावर काढण्याआधी मैदानावर काढून पाहावा. मुलांनी आपापला आकडा कागदावर लिहून छातीशी धरायचा आणि आधी हजेरीपटाच्या क्रमाने रांगेत उभं राहायचं. मधला मुलगा मग कोणताही आकडा घेऊन उभा असू शकतो. त्यानंतर आकड्यांप्रमाणे रांग लावायची आणि दोन्ही टोकांची दोन मुलं एकदम बाजूला करत जायची. शेवटी उरणाऱ्या मुलाच्या हातात १५ असतो. क्रम लावल्याशिवाय मधला आकडा उचलणं ही या प्रकरणातली सर्वांत नेहमीची चूक आहे, आणि रांगेत उभं राहिलेल्या मुलाला ती निराळी समजवावी लागत नाही.

आता एकाच वर्गासाठी हाताशी तीन उत्तरं आहेत: २१, १५ आणि १०. तिन्ही हिशेबाने बरोबर. मग खरं कोणतं? इथून धड्यातला महत्त्वाचा भाग सुरू होतो.

आधी मध्य. वर्गात एकालाही २१ मिनिटं लागत नाहीत. २० मिनिटं लागणारा एक जण सोडला, तर त्याच्या आसपासही कुणी नाही. ११ मुलं २१ च्या खाली आहेत आणि चौघं त्याच्या कितीतरी वर. एसटीच्या चार आकड्यांनी मध्य वर ओढून नेला आहे. हे ओढणं मुलांना दाखवायचं, तर एकच आकडा बदलावा. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं आणि ६० मिनिटांच्या मुलाला १२० मिनिटं लागली. बेरीज ३७५ झाली, मध्य २५ झाला. बाकी १४ मुलं नेहमीच्याच वेळेत आली, तरी ‘वर्गाची सरासरी’ चार मिनिटांनी वाढली. मध्यक मात्र १५ वरून हलला नाही.

म्हणून मध्य टाकाऊ ठरत नाही. त्याची ताकद बेरजेत आहे. २१ ला १५ ने गुणलं की ३१५ परत मिळतात, म्हणजे एकूण किती हे मध्याला ठाऊक असतं. बाराव्या शतकातल्या ‘लीलावती’त भास्कराचार्यांनी खड्ड्याचं घनफळ काढण्याची रीत दिली आहे. रुंदी सगळीकडे सारखी नसेल, तर ती अनेक ठिकाणी मोजावी, मापांची बेरीज करावी आणि जितक्या ठिकाणी मोजली तितक्यांनी भागावं. लांबी आणि खोलीचंही तसंच. तिथे प्रश्न एकूण माती किती, हा आहे, म्हणून मध्यच हवा. पण तोच खड्डा पाण्याने भरला आणि एखाद्या मुलाला तो पायी ओलांडायचा असला, तर सरासरी खोली सांगून भागणार नाही. त्याला सर्वांत खोल जागा सांगावी लागेल.

मध्याने फसवलं की मुलं लगेच मध्यकाकडे वळतात. बहुतेक धडेही इथेच थांबतात: टोकाचे आकडे असले की मध्यक वापरा. पण जो मध्यक १२० मिनिटांनी हलला नाही, तो चांगल्या बदलानेही हलत नाही. समजा, एसटीची फेरी वाढली आणि त्या चौघांचे वेळ ४०, ४५, ४५, ६० ऐवजी २५, ३०, ३०, ३० झाले. चौघांची मिळून ७५ मिनिटं वाचली. मध्य २१ वरून १६ वर आला. मध्यक? तो १५ च आहे. ज्या बदलाने चार घरांची सकाळ सोपी झाली, त्याची मध्यकाला खबरही नाही. मधल्या मुलाच्या पलीकडे किती मुलं आहेत एवढंच तो मोजतो, ती किती लांब आहेत हे मोजत नाही.

याचं एक खरं उदाहरण नववीच्या मुलांना सहज समजेल. अमेरिकी जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटातला मेसोथेलिओमा हा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं निदान झालं. त्यांनी ग्रंथालयात जाऊन वाचलं, तर निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने असल्याचं आढळलं. ‘आठ महिन्यांत आपण जाणार’ असा त्याचा अर्थ बहुतेकांनी घेतला असता. गूल्ड यांना सांख्यिकीची जाण होती. निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून जास्त जगतात, हे त्यांनी आधी ध्यानात घेतलं. मग ते जास्त म्हणजे किती, हे पाहिलं. डावीकडे आकडे शून्यापाशी अडतात, पण उजवीकडची शेपटी पुष्कळ वर्षं लांब जाऊ शकते. आपलं वय आणि मिळणारे उपचार पाहता आपण त्या शेपटीत असण्याची बरीच शक्यता आहे, असं त्यांनी ताडलं. यावर १९८५ मध्ये त्यांनी लेख लिहिला, आणि निदानानंतर २० वर्षं जगून २००२ मध्ये एका वेगळ्याच कर्करोगाने ते गेले. ‘आठ महिने’ हा आकडा खोटा नव्हता, पण शेपटीबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

राहिला बहुलक. त्याची फसगत वर्गातच पकडता येते. चार मुलांनी ‘१० मिनिटं’ सांगितलं, तिघांनी ‘१५’. एवढे गोल आकडे आले कुठून? मुलांनी अंदाजाने सांगितलं, आणि अंदाज नेहमी पाचाच्या पाढ्यात येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी या सातही जणांना घड्याळ लावून यायला सांगावं. समजा, १० वाल्यांचे प्रत्यक्ष वेळ ८, ९, ११, १२ निघाले आणि १५ वाल्यांचे १३, १६, १६. बेरीज ३१५ च राहिली, म्हणून मध्य २१ राहिला. मध्यक थोडा सरकून १३ झाला. आणि १० हा बहुलक पार नाहीसा झाला. आता ८, १६ आणि ४५ हे तीन आकडे प्रत्येकी दोनदा येतात, म्हणजे बहुलक तीन. कालचा बहुलक रस्त्याचं अंतर सांगत नव्हता, तो मुलांची बोलण्याची सवय सांगत होता. मोजून आलेल्या बारीक आकड्यांची संख्या थोडी असली की बहुलक असाच इकडून तिकडे उड्या मारतो.

जिथे आकडेच नसतात, तिथे मात्र बहुलकाशिवाय गत्यंतर नाही. ‘शाळेत कसे येता?’ या प्रश्नाला चालत ६, सायकलने ५ आणि एसटीने ४ अशी उत्तरं आली, तर त्यांची बेरीज-भागाकाराने सरासरी निघत नाही. बहुलक आहे ‘चालत’. पण त्यावरून ‘वर्गातली बहुतेक मुलं चालत येतात’ असं वाक्य एखादा मुलगा लिहितोच. ते चूक आहे, कारण १५ पैकी ९ मुलं चालत येत नाहीत. सर्वांत मोठा गट निम्म्याहून मोठा असेलच असं नाही. वर्तमानपत्रातल्या मतदानाच्या बातम्या वाचतानाही हा फरक मुलांना उपयोगी पडतो.

आणखी एक फसगत तिन्ही परिमाणांच्या आधी, सामग्री गोळा करतानाच होते. ही पाहणी पहिल्याच तासाला केली आणि त्या दिवशी एसटी उशिरा आल्यामुळे ४५ मिनिटांचं एक मूल आणि ६० मिनिटांचं एक मूल वर्गात नव्हतं, असं धरू. उरलेल्या १३ जणांची बेरीज २१०, मध्य सुमारे १६. मध्यक आता सातवा प्राप्तांक, तो १५ वरून १० वर घसरला. टोकाच्या आकड्यांना दाद न देणारा मध्यकही, टोकाची माणसंच यादीत नसली की फसतो. प्रवासाचा त्रास सर्वांत जास्त ज्यांना, नेमकी तीच मुलं प्रवासाच्या पाहणीतून गळली. पटावर किती आणि उत्तरं किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहायची सवय लावली, तर अशी गळती लगेच दिसते.

शेवटी फळ्यावर शून्य ते साठ अशी संख्यारेषा काढून प्रत्येकाने आपल्या आकड्यावर एक टिकली लावायची. डावीकडे ११ टिकल्यांची गर्दी, २० ते ४० मध्ये रिकामी जागा आणि पुढे चार सुट्या टिकल्या. मध्य, मध्यक आणि बहुलक याच रेषेवर वेगळ्या रंगात दाखवले की एकही खूण त्या चौघांजवळ नाही, हे सगळ्यांना दिसतं.

मग गटांना काम द्यावं: सकाळची फेरी वाढवावी म्हणून एसटी आगाराच्या व्यवस्थापकांना अर्ज लिहा आणि त्यात कोणता आकडा घालायचा ते ठरवा. कुणी २१ सुचवतं, कारण तिघांत तोच मोठा आहे. कुणी आक्षेप घेतं की गावातली मुलं एसटीने येतच नाहीत, तर त्यांची मिनिटं बेरजेत कशाला? त्या चौघांचाच मध्य काढला तर १९० भागिले ४, म्हणजे साडेसत्तेचाळीस मिनिटं. पण चारच आकडे असताना सरासरी तरी हवी कशाला, असंही कुणी विचारतं. अर्जात मग सरळ एवढंच वाक्य येतं: ‘आमच्या वर्गातले चार विद्यार्थी एसटीने येतात आणि त्यांना शाळेत पोहोचायला अनुक्रमे ४०, ४५, ४५ आणि ६० मिनिटे लागतात.’