परदेशी पाककृतीचं पान आपल्या चुलीपर्यंत

आज वही-पेन जवळ घेऊन बसा, कारण आज थोडा हिशोब करायचा आहे.

गटात बेकरीचे पदार्थ करणाऱ्या बायकांकडे हल्ली परदेशी पाककृती पोचतात. कुणाची पुतणी अमेरिकेतून पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवते, कुणाला रद्दीत एखादं जुनं इंग्रजी पाकपुस्तक सापडतं. मोबाइलमध्ये भाषांतराची सोय आहे. पानावर कॅमेरा धरला की मराठी अक्षरं दिसतात. पण त्या मराठीवर विसंबून थेट पीठ भिजवलं, तर गटाचं लोणी, अंडी आणि गॅस वाया जाऊ शकतो. मोबाइल शब्द बदलतो. माप आणि आच बदलत नाही. ते काम आपलं.

आपण एकच पान घेऊ. केळ्याचा ब्रेड, म्हणजे खरं तर केळ्याचा केकच. अमेरिकी पुस्तकात तो साधारण असा असतो: लोणी एक स्टिक, साखर एक कप, मोठी अंडी दोन, पिकलेली केळी कुस्करून एक कप, मैदा दीड कप, बेकिंग सोडा एक टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, बटरमिल्क पाव कप. नऊ बाय पाच इंचांच्या लांबट डब्यात, ३५० अंशांवर, एक तास.

आधी फोटो. पुस्तक सपाट ठेवा, शिवणीजवळ पान फुगू देऊ नका. दिवसाच्या उजेडात, आपली सावली न पाडता, मोबाइल पानाच्या बरोबर वर धरून फोटो काढा. सामानाची यादी आणि कृती यांचे वेगवेगळे फोटो घ्या, कारण पानावर दोन रकाने असले तर मोबाइल एका रकान्यातली ओळ दुसऱ्याला जोडतो. मूळ इंग्रजी फोटो पुसून टाकू नका. तोच आपला पुरावा.

भाषांतर आलं की सगळ्यात आधी आकडे मूळ पानाशी ताडून पाहा. घोटाळा अपूर्णांकात होतो. पानावर 1½ असं छापलेलं असतं; मोबाइल ते 11/2 असं वाचू शकतो, किंवा छोटा ½ गाळून नुसता 1 ठेवतो. एका केकला अकरा कप मैदा लागणार नाही हे आपल्याला कळतं, पण दीडचा एक झाला तर ते सहज लक्षात येत नाही. म्हणून इंग्रजी येत नसलं तरी मूळ फोटो मोठा करून प्रत्येक आकड्यावर बोट ठेवा. आकडे सगळ्यांनाच वाचता येतात.

मग शब्द. 'स्टिक'चं भाषांतर 'काठी' असं येऊ शकतं. अमेरिकेत लोण्याच्या लांबट वड्या मिळतात, त्या एका वडीला स्टिक म्हणतात. तिचं वजन ११३ ग्रॅम, म्हणजे अर्धा कप. आपल्याकडे बटरची १०० ग्रॅमची वडी मिळते. ती पूर्ण घ्या आणि वर साधारण एक मोठा चमचा घाला. ते बटर खारट असेल तर यादीतलं मीठ वगळा.

कृतीत लोणी आणि साखर 'क्रीम' करा असं असतं. मोबाइल तिथे 'मलई' लिहील. मलई घालायची नाही. मऊ लोणी आणि साखर फिकट आणि हलकं होईपर्यंत फेसायचं आहे. पुढे 'फोल्ड'च्या जागी 'घडी घाला' येईल. त्याचा अर्थ मैदा घातल्यावर जोरात न घोटता खालून वर हलक्या हाताने मिसळायचा. जास्त घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरासारखा होतो.

बटरमिल्कचं भाषांतर 'ताक' येईल आणि ते बरोबर वाटेल. पण त्यांच्या बाजारातलं बटरमिल्क विरजलेल्या दुधाचं, दाट आणि आंबट असतं. आपलं ताक पाणी घातलेलं, पातळ. ते घातलं तर पीठ सैल होतं. त्याऐवजी आंबटसर दही तीन मोठे चमचे आणि पाणी एक मोठा चमचा घुसळा, की पाव कप झालं. आंबटपणा सोडू नका. बेकिंग सोडा आंबटाशी मिळाला की वायू सुटतो आणि केक फुगतो. गोड दही घेतलं तर फुगणं कमी आणि सोड्याची तुरट, साबणासारखी चव जास्त.

आता माप. अमेरिकी कप म्हणजे २४० मिलिलिटर. आपल्या घरातली वाटी कोणाची दीडशेची, कोणाची दोनशेची. काही जणी म्हणतात, सगळंच त्याच वाटीने मोजलं तर प्रमाण बिघडेल कसं? मैदा आणि साखर यांच्यापुरतं ते खरं. पण अंडी वाटीने मोजत नाहीत, सोडाही नाही. समजा तुमची वाटी १६० मिलिलिटरची आहे. मग मैदा आणि साखर दोन तृतीयांश झाली, पण अंडी दोनच राहिली आणि सोडा पूर्ण चमचा राहिला. केक फुगून मध्ये बसतो आणि सोड्याची चव लागते. म्हणून वाटी नको, तराजू घ्या.

मैद्याचा एक कप म्हणजे १२५ ग्रॅम धरा. दीड कप म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास. कप पिठात खुपसून दाबून भरला तर तोच कप १५० ग्रॅमपर्यंत जातो. दीड कपात ३५ ग्रॅम मैदा जास्त, आणि केक कोरडा. साखर एक कप म्हणजे २०० ग्रॅम. कुस्करलेली केळी २२५ ग्रॅम घ्या. जळगावकडची मोठी केळी असतील तर दोन-तीन पुरतील, वेलची केळी बरीच जास्त लागतील. म्हणून केळी मोजू नका, गर तोला. अंड्यांचंही तसंच. त्यांचं मोठं अंडं फोडल्यावर साधारण ५० ग्रॅम भरतं. गावरान अंडी लहान असतात, तेव्हा १०० ग्रॅम होईपर्यंत दोनाची तीन घ्या.

तराजू दुकानदाराकडे असेल तर एकदाच जाऊन खूण करून आणा. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, २४० ग्रॅम पाणी ओता आणि पाण्याच्या पातळीला बाहेरून खूण करा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे तो तुमचा कप झाला. चमच्यासाठी औषधाच्या बाटलीचं खुणा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वाळवून घ्या. टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, टेबलस्पून म्हणजे १५. मघाशी सांगितलेला मोठा चमचा हाच १५ चा. सोडा खुणेपर्यंत सपाट भरा, शीग नको.

आता आच. पानावर ३५० अंश आहेत. आपल्या छोट्या विजेच्या ओव्हनचा खटका बहुधा २५० ला संपतो. ओव्हन कमी पडला असं समजून खटका शेवटपर्यंत फिरवू नका. अमेरिकी पुस्तकातले अंश फॅरेनहाइटचे असतात, आपल्या ओव्हनवरचे सेल्सिअसचे. ३५० मधून ३२ वजा करा, ३१८ उरले. त्याला ५ ने गुणा, १५९० झाले. ९ ने भागा, जवळपास १७७ आले. खटका १८० च्या किंचित अलीकडे ठेवायचा. आकड्यापुढचं अक्षर फोटोत गळलं असेल, तर केकसाठी ३०० च्या वरचा आकडा फॅरेनहाइटचाच समजा.

पण खटक्यावरचा १८० आणि आतला १८० एकच असेल असं नाही. त्याची परीक्षा साखरेने होते. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ओव्हन १८० वर वीस मिनिटं तापवा, छोट्या ताटलीत अर्धा चमचा साखर मधल्या जाळीवर ठेवा आणि पंधरा मिनिटांनी बघा. साखर तशीच कोरडी हवी. वितळली तर तुमचा ओव्हन दाखवतो त्यापेक्षा जास्त तापतो. खटका थोडा खाली आणा. कोरडी राहिली तर एकदा १९० वर करून पाहा. तिथे वितळली म्हणजे ओव्हन खरं बोलतो. तिथेही कोरडीच राहिली तर तो दाखवतो त्यापेक्षा कमी तापतो, खटका थोडा वर ठेवायला हवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं जुनं मोठं पातेलं, तळाशी दोन बोटं कोरडी वाळू किंवा जाडं मीठ, त्यावर तिवई आणि वर घट्ट झाकण. रोजचा कुकर यासाठी वापरू नका. पाण्याशिवाय तापवून तो खराब होतो. मध्यम आचेवर पंधरा मिनिटं पातेलं तापवा, मग तिवईवर हीच साखरेची परीक्षा करा. वितळली तर आच कमी. लांबट डबा पातेल्यात मावणार नाही, म्हणून आठ इंचांचा गोल डबा घ्या. थर पातळ होतो, त्यामुळे तासाची वाट न पाहता चाळीस मिनिटांनी तपासायला लागा. त्याआधी झाकण उघडू नका. आतली वाफ गेली की केक बसतो.

तपासायचं कसं? मधोमध बारीक काडी किंवा स्वेटरची सुई घाला. ओलं पीठ लागलं तर दहा मिनिटं आणखी. कोरडी किंवा दोन-चार कण लागून आली तर उतरवा. वर पडलेली भेग दोष नाही. बूड काळं आणि मध्य कच्चा असेल तर आच जास्त होती. रंग फिकट आणि केक दडस असेल तर आच कमी होती किंवा सोडा जुना. जुना सोडा ओळखायला चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा. लगेच फेस आला नाही तर टाकून द्या.

बिनअंड्याचा करायचा असेल तर एका अंड्याऐवजी पाव कप दही. दोन अंड्यांना अर्धा कप, आणि मग बटरमिल्कचं दही-पाणी वगळा. हा केक थोडा कमी फुगतो आणि जड होतो. विकताना गिऱ्हाइकाला आधीच सांगा की कुठल्या केकमध्ये अंडं आहे आणि कुठल्यात नाही.

पहिला केक एकच करा. किती ग्रॅम घेतलं, खटका कुठे होता, किती मिनिटांनी काडी कोरडी आली, हे वहीत लिहा. दुसऱ्या वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन घाण्यांनंतर तुमच्या पातेल्याची, तुमच्या केळ्यांची कृती तुमच्या वहीत मराठीत तयार असेल, आणि गटातल्या कुठल्याही बाईला ती वाचून तोच केक करता येईल.