पुणे लिहायला गेलात आणि ‘hgCs’ उमटलं? सेटिंग्ज न उघडता असा बदला कीबोर्ड

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकायचा आहे: ‘शनिवारी पाणी बंद राहील, तक्रारीसाठी इथे मेल करा’. वाक्य मराठीत, पण मेल आयडी इंग्रजीत. म्हणजे एका मेसेजमध्ये कीबोर्ड किमान एकदा तरी बदलावा लागणार. मराठी कीबोर्ड एकदा जोडलेला असेल, तर त्यासाठी दर वेळी सेटिंग्जमध्ये जायची गरज नसते.

फोनवर काय करायचं?

अँड्रॉइड फोनवर जीबोर्ड वापरत असाल, तर स्पेसबारवर बोट दाबून धरा. जोडलेल्या भाषांची यादी समोर येते, त्यातून हवी ती निवडा. स्पेसबारशेजारी पृथ्वीच्या गोलाचं बटण दिसत असेल, तर त्यावर नुसतं टॅप केलं तरी पुढची भाषा येते. आयफोनवरही हेच गोलाचं बटण असतं. टॅप केलं की पुढचा कीबोर्ड, दाबून धरलं की पूर्ण यादी.

सॅमसंगच्या स्वतःच्या कीबोर्डवर स्पेसबारवर बोट आडवं सरकवलं की भाषा बदलते. जीबोर्डवर मात्र हीच कृती केली, तर भाषा बदलत नाही, कर्सर मागे-पुढे सरकतो. फोन बदलल्यावर अनेकांचा गोंधळ होतो तो इथेच.

इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी उमटवणारा कीबोर्ड वापरणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. दोन्ही कीबोर्डवर ABC च दिसतं, त्यामुळे मराठी चालू आहे की इंग्रजी, हे अक्षरांवरून कळत नाही. अशा वेळी स्पेसबार पाहा. सध्याच्या भाषेचं नाव त्यावर लिहिलेलं असतं.

कॉम्प्युटरवर कोणती बटणं?

विंडोजवर `Windows + Space` दाबा. विंडोजचं बटण दाबून ठेवलं, तर यादी स्क्रीनवर राहते. स्पेसच्या प्रत्येक टॅपला निवड एक घर पुढे सरकते आणि बोट उचललं की तो कीबोर्ड चालू होतो. मॅकवर याच कामासाठी `Control + Space` आहे.

मग एकदा दाबून मराठी का येत नाही?

बहुतेकदा कारण यादीतच असतं. समजा, लॅपटॉपवर English (United States), English (India) आणि मराठी असे तीन पर्याय आहेत. पहिल्यावरून एकदा बदललं, की दुसरी इंग्रजीच येते. टाइप केल्यावर इंग्रजी अक्षरं दिसतात आणि ‘शॉर्टकट चालत नाही’ असं वाटतं. मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड जोडले असतील, तर यादी आणखी लांबते.

यावर उपाय दोन. तात्पुरता उपाय म्हणजे `Windows + Ctrl + Space`. याने आधी निवडलेला कीबोर्ड परत येतो, मधले पर्याय ओलांडावे लागत नाहीत. कायमचा उपाय म्हणजे एकदाच सेटिंग्जमध्ये जाऊन नको असलेले पर्याय काढून टाकणं. यादीत एक इंग्रजी आणि एक मराठी एवढंच राहिलं, की प्रत्येक वेळी एकाच दाबात भाषा बदलते.

चुकीचा कीबोर्ड चालू आहे, हे कसं ओळखायचं?

इनस्क्रिप्टमध्ये ‘पुणे’ लिहिण्यासाठी h, g, Shift + c आणि s ही बटणं लागतात. इंग्रजी चालू असताना तीच बटणं दाबली, तर स्क्रीनवर `hgCs` येतं. उलट इनस्क्रिप्ट चालू असताना इंग्रजीत `pune` टाइप केलं, तर ‘जहला’ उमटतं. असं काही दिसलं, तर स्पेलिंग तपासत बसू नका, भाषा बदला.

मेसेजमध्ये ही चूक लगेच दिसते. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने ती कळतच नाही. पासवर्ड अचूक टाइप करूनही ‘चुकीचा आहे’ असं उत्तर आलं, तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात पाहा. तिथे `ENG` नसेल, तर आधी इंग्रजीवर या. ब्राउझरमध्ये चौकटीशेजारी डोळ्याचं चिन्ह असेल, तर त्यावर क्लिक करूनही नेमकं काय उमटलंय ते दिसतं. काही साइट्स चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा टाकल्यावर खातं तात्पुरतं बंद करतात. त्यामुळे तिसऱ्यांदा एंटर दाबण्याआधी एक नजर त्या कोपऱ्याकडे टाकलेली बरी.