उत्तरेस कोणाचं शेत?

‘…येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक मिळकत, त्यातील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह…’ नात्यातल्या एका कुटुंबाने माझ्यापुढे खरेदीखताचा मसुदा ठेवला, त्यात हे वाक्य होतं. निधी आणि निक्षेप म्हणजे जमिनीत पुरलेलं धन. खरं तर दहा रुपयांहून जास्त किमतीचं असं धन सापडलं, तर ते कलेक्टरला कळवावं लागतं, असा 1878 पासूनचा कायदा आहे. तरीही पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य एका खतातून दुसऱ्या खतात उतरत आलंय. मसुद्यात पुरलेला हंडा लिहून दिला होता, पण शेतात जायला वाट कुठून, याचा एक शब्दही नव्हता.

व्यवहार साधाच होता. गट नंबर 118, एकूण क्षेत्र 1 हेक्टर 20 आर. (गट नंबर इथे बदलला आहे.) त्यातलं दक्षिणेकडचं निम्मं, म्हणजे 60 आर, दोन भाऊ विकणार होते. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, म्हणजे हा दीड एकराला थोडा कमी असा तुकडा. किंमत 24 लाख. घेणाऱ्यांकडे आधीपासून शेती होती, त्यामुळे शेतकरी असल्याच्या दाखल्याचा प्रश्न नव्हता. साठेखत नोंदवून चार लाख देऊन झाले होते. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार. त्याने मालकी येत नाही, ती खरेदीखताची नोंदणी झाल्यावर येते. आई, वडील, मुलगा, सून असे चौघे जेवणं उरकून बसले आणि आम्ही मसुदा मोठ्याने वाचायला घेतला.

खताची सुरुवात माणसांपासून होते. आधी ‘लिहून घेणार’, म्हणजे विकत घेणारे, मग ‘यांसी’. त्याखाली ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारे, आणि मग ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’. इथे लिहून देणार म्हणून दोघे भाऊ होते. सातबाऱ्यावरही दोघांचीच नावं. वडील म्हणाले, “मग झालं की!”

पण सातबारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफार सांगतो. नावाशेजारी जे फेरफाराचे नंबर असतात, ते उतारे काढून वाचावे लागतात. आम्ही दोन काढले. पहिला वारसाचा होता. वडील वारल्यावर दोन मुलगे आणि एक मुलगी, अशी तीन नावं लागली होती. वडिलांच्या नावापुढे ‘ए.कु.क.’ अशी अक्षरं होती, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. जमीन त्यांच्या एकट्याची नसून कुटुंबाची होती, असा त्याचा अर्थ. दुसरा फेरफार दोन वर्षांनंतरचा: बहिणीने हक्क सोडल्याचा अर्ज दिला, सबब नाव कमी केले.

बहिणीच्या हिश्शाची किंमत शंभर रुपयांपेक्षा जास्त असली, की तो सोडून देण्याचा दस्त नोंदवावाच लागतो. हा 1908 च्या नोंदणी कायद्याचा नियम. नुसत्या अर्जावर नाव कमी होतं, पण हिस्सा सुटला असं धरून चालणं धोक्याचं. शिवाय 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क आला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तो आणखी स्पष्ट केला. गावोगावी बहिणींची नावं अशी कागदावरून गेली आहेत आणि आज घेणाऱ्यांच्या डोकेदुखीचं ते मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

विकणाऱ्यांनी सुचवलं, “ताई स्टँपपेपरवर संमती देईल, नोटरी करून.” तेही पुरेसं नाही. जिचा हिस्सा आहे, तिने संमती द्यायची नसते, विकायचं असतं. म्हणून तिला लिहून देणार नंबर तीन केलं आणि किमतीतला तिचा वाटा तिच्या खात्यात जाईल, असं भरण्याच्या कलमात लिहिलं. भावांची सज्ञान मुलं-मुली मात्र ‘संमती देणार’ म्हणून घेतली, म्हणजे उद्या ‘आम्हाला विचारलं नाही’ असं म्हणायला जागा उरू नये. ताई फोनवर एवढंच म्हणाल्या, “मला इतक्या वर्षांत कुणी सही मागितली नव्हती. अर्जावर तेवढा अंगठा घेतला होता.” त्या बी.ए. झालेल्या आहेत.

मग चतुःसीमा. मसुद्यात असं होतं: पूर्वेस गट नंबर 119, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गट नंबर 117, उत्तरेस रस्ता. दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी बांधावरून फिरून आलो. रस्ता होता, पण तो संपूर्ण गटाच्या उत्तरेला. आपण घेतोय तो दक्षिणेचा अर्धा भाग. आपल्या उत्तरेला भावांनी स्वतःकडे ठेवलेलं 60 आर शेत येतं आणि रस्ता त्याच्या पलीकडे. कुणाची लबाडी नव्हती. खत लिहिणाऱ्याने अख्ख्या गटाच्या जुन्या खतातल्या सीमा जशाच्या तशा उतरवल्या होत्या.

अशी चूक फार महागात पडते. क्षेत्राचा आकडा आणि सीमा यांचा मेळ बसला नाही, तर सीमा नेमक्या असतील तेव्हा न्यायालय साधारणपणे सीमांना जास्त वजन देतं. इथे सीमा नेमक्या तर होत्या, पण चुकीच्या. अशा खतावर मोजणीदार आला, की भांडण सुरू. शिवाय वाटेचा प्रश्न होताच. चारी बाजूंनी अडकलेल्या शेताला जाण्यायेण्याचा हक्क कायदा देतो, पण तो कुठून, किती फुटांचा, ट्रॅक्टर जाईल की नुसता माणूस, हे ठरायला वर्षं जातात. विकणारा खुशीत असतो, त्या दिवशी ते दोन ओळींत लिहून होतं.

भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला. शेजारच्या खातेदारांना नोटिसा गेल्या, मोजणी झाली, नकाशाची ‘क’ प्रत मिळाली. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली. ओढ्याच्या काठची 8 आर जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला नालायक, आणि ती सगळी आपल्याच वाट्याला येत होती. म्हणजे हातात कसायला 52 आर. सासूबाईंनी लगेच हिशेब घातला आणि किंमत थोडी खाली आणा म्हणाल्या. भाऊ किमतीत उतरले नाहीत. त्याऐवजी त्यांच्या शेतातल्या विहिरीत निम्मा हिस्सा आणि पाण्याची पाळी लिहून द्यायला तयार झाले. माझ्या मते हा सौदा वाईट नव्हता. नव्या मसुद्यात उत्तरेस ‘लिहून देणार यांचेकडे राहिलेले 60 आर क्षेत्र’ असं आलं आणि त्या क्षेत्राच्या पश्चिम बांधाने 12 फूट रुंदीची, बैलगाडी व ट्रॅक्टर जाण्यायेण्याची कायमची वाट आली. मोजणीचा नकाशा खताचा भाग म्हणून जोडला आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

बोजाचं कलम सगळ्यात गोड असतं. मिळकत ‘निर्वेध व निजोखमी’ आहे, कुठे गहाण, दान, लीन, पोटगी यात गुंतलेली नाही, काही निघाल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करतील, लिहून घेणार यांस तोशीस लागू देणार नाहीत. हे वाचलं की जिवाला बरं वाटतं. पण हे विकणाऱ्याचं म्हणणं आहे, पुरावा नव्हे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा इकरार होता, रक्कम 2 लाख 40 हजार. मसुद्यात त्याबद्दल फक्त ‘बोजा लिहून देणार फेडतील’ असं होतं.

या इकराराला लोक हलकं समजतात. पीककर्ज घेताना सभासद सोसायटीला जमिनीवर बोजा लिहून देतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 48 प्रमाणे, ते कर्ज व्याजासह फिटण्याआधी ती जमीन विकली, तर असा व्यवहार रद्दबातल ठरू शकतो. म्हणून ‘नंतर फेडू’ चालत नाही. आधी कर्ज, मग खत. पण विकणाऱ्यांकडे पैसा आपल्याकडूनच येणार होता! वाट अशी काढली: घेणाऱ्यांनी 2 लाख 40 हजारांचा धनाकर्ष थेट सोसायटीच्या नावाने दिला, साठेखताच्या इसाऱ्यात तो धरल्याचं वेगळं लिहून घेतलं आणि वरचं व्याज भावांनी भरलं. सोसायटीचा बेबाकी दाखला मिळाला, बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर झाला आणि नवा सातबारा हातात आल्यावरच खताची तारीख धरली. वकिलांनी नोंदणी कार्यालयात तीस वर्षांच्या सूच्यांचा शोध घेतला, त्यात दुसरं काही निघालं नाही.

उरल्या अटी. मसुद्यात ‘संपूर्ण मोबदला भरून पावलो’ असं ठळक लिहिलं होतं आणि दोन परिच्छेद खाली 12 लाखांचा पुढच्या तारखेचा चेक, तो न वटल्यास ‘हे खत रद्द समजावे’. सूनबाईंनीच हे पकडलं. म्हणाल्या, “पैसे पावले असतील तर रद्द कशाने होणार?” बरोबर होतं त्यांचं. किंमत दिली किंवा देण्याचं कबूल केलं, तरी नोंदलेल्या खताने मालकी जाऊ शकते. एकदा झालेलं खत विकणाऱ्याच्या म्हणण्यावर आपोआप रद्द होत नाही. मात्र न मिळालेल्या रकमेपुरता त्याचा जमिनीवर बोजा राहतो. दोन्ही बाजूंना कोर्टाची पायरी दाखवणारं हे कलम. चेक पुढचा का, तर मुलाची ठेव पाच आठवड्यांनी मोडायची होती. मग खतच पाच आठवडे पुढे ढकललं. नाहीतरी बोजाच्या फेरफाराला तेवढे दिवस लागणारच होते. ताबा मात्र खताच्या दिवशीच, उभं पीक नसताना, असं लिहिलं.

मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी मूल्यांकन यांपैकी जे जास्त त्यावर, नोंदणी फी एक टक्का पण कमाल 30 हजार. नोंदणीनंतर तलाठ्याकडे फेरफार धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. नोटीस ताईंनाही जाणार होतीच, पण आता त्या स्वतःच विकणाऱ्या होत्या.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर शेवटची छापील प्रत वाचताना टायपिस्टने विचारलं, “ते निधी-निक्षेप काढू का? बाकी सगळं बदललंच आहे.” थोरल्या भावाने वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी ओढ्याकडच्या त्या 8 आर पोटखराब्याचा विचार केला असावा. म्हणाले, “राहू दे. तिथे दुसरं काय उगवणार आहे?”