कलरीमीटर, कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल

फोटो एडिटिंगसाठी मॉनिटरचे रंग जुळवताना दोन कामे होतात, आणि बहुतेक घोळ ती दोन एकच समजल्यामुळे होतो. पहिले काम कॅलिब्रेशनचे. त्यात मॉनिटरचा उजेड, पांढऱ्याची छटा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा चढ ठरलेल्या मापावर आणतात. दुसरे काम प्रोफाइलचे. मापावर आणलेला तो मॉनिटर कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग दाखवतो, याची नोंद एका फाइलीत होते. प्रोफाइल मॉनिटरमध्ये काही सुधारत नाही, फक्त त्याचे वर्णन करते. त्या वर्णनाचा उपयोग करायचा की नाही, हे पुढे फोटो उघडणाऱ्या प्रोग्रामवर अवलंबून असते.

दोन्ही कामांना मोजमाप लागते, कारण डोळा समोरच्या उजेडाशी फार लवकर जुळवून घेतो. निळसर पांढरा पडदा पाच मिनिटांत पांढराच वाटू लागतो. कलरीमीटर मात्र सवयीने बदलत नाही. पडद्यावर टेकवून ठेवायच्या या छोट्या यंत्रात प्रकाशसंवेदक असतात आणि त्यांच्यावर रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात. संगणक पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो, यंत्र ते मोजते आणि आकडे परत पाठवते.

एक नेहमीचे उदाहरण घेता येईल. लग्नाचे फोटो पडद्यावर झकास दिसतात आणि लॅबमधून आलेले प्रिंट काळपट निघतात. लॅबला दोष दिला जातो, पण कारण अनेकदा पडद्याच्या उजेडात असते. दुकानातून आणलेला मॉनिटर बऱ्याचदा 250 कँडेला प्रति चौरस मीटर किंवा त्याहून जास्त उजेडावर चाललेला असतो. प्रिंटशी ताडून पाहण्याच्या कामाला साधारण 80 ते 120 पुरेसे असतात. 250 आणि 100 यांत कॅमेऱ्याच्या भाषेत सव्वा स्टॉपहून थोडा जास्त फरक पडतो. एवढ्या प्रखर पडद्यावर सावल्यांतला तपशील आपोआप उठून दिसतो, त्यामुळे एडिट करणारा फोटो पुरेसा उजळवतच नाही.

काम सुरू करण्यापूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा, म्हणजे त्याचा उजेड स्थिरावतो. रात्रीचा पिवळसर मोड, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप कमीजास्त होणारा ब्राइटनेस आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट हे सगळे बंद करावे. खिडकीतला ऊन्हाचा पट्टा पडद्यावर येऊ देऊ नये. मग लक्ष्य ठरवावे: उजेड 100, पांढरा 6500 केल्विनच्या आसपास, गॅमा 2.2.

ग्रॅम गिल यांचा आर्गिल हा मोफत प्रोग्रामसंच वापरला, तर ही दोन्ही कामे वेगवेगळी उघड दिसतात:

```
dispcal -v -yl -t6500 -g2.2 -b100 -qm monitor
targen -v -d3 -f128 monitor
dispread -v -yl -k monitor.cal monitor
colprof -v -D "monitor" -qm -as monitor
dispwin -I monitor.icc
```

पहिली ओळ कॅलिब्रेशनची आहे. दुसरी मोजायच्या रंगांची यादी तयार करते, तिसरी ते रंग मोजते, चौथी त्यातून प्रोफाइल बनवते आणि पाचवी ते बसवते. विंडोजवर शेवटच्या फाइलीचे नाव `.icm` ने संपते. यंत्रासोबत येणारा प्रोग्राम हेच सगळे बटणांआड करतो.

पहिल्या टप्प्यात एक गोष्ट हाताने करायची असते, आणि तिथे घाई करू नये. समजा, यंत्राने पांढरा 7200 केल्विन, म्हणजे निळसर, दाखवला. तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत जाऊन निळ्याची मात्रा उतरवावी आणि उजेडही तिथल्याच बटणांनी 100 वर आणावा. हे न करता सगळे प्रोग्रामवर सोडले, तर तो ग्राफिक्स कार्डातल्या आकड्यांच्या तक्त्यात निळा कापतो. आठ बिटांच्या साखळीत निळ्याला 256 पायऱ्या असतात. कमाल 225 वर आणली की 226 उरतात, आणि निरभ्र आकाशात गुळगुळीत छटेऐवजी पट्टे दिसू लागतात. कार्डातल्या तक्त्याकडे फक्त उरलासुरला बारीक फरक सोपवावा.

प्रोफाइलचे काम मोठ्या रंगव्याप्तीच्या मॉनिटरवर सर्वांत स्पष्ट दिसते. एखादा मॉनिटर ॲडोबी आरजीबीएवढे रंग दाखवतो आणि फोटो एसआरजीबीमध्ये आहे, असे धरू. फोटोतला पूर्ण हिरवा, म्हणजे 0, 255, 0 हे आकडे, पडद्याकडे तसेच गेले तर गवत डोळ्यांत खुपण्याइतके हिरवे दिसते. प्रोफाइल वाचणारा प्रोग्राम त्याऐवजी 144, 255, 60 पाठवतो, आणि पडद्यावर हवा तोच हिरवा उमटतो. म्हणून एकच फोटो एका प्रोग्राममध्ये नेमका आणि दुसऱ्यात भडक दिसला, तर दुसरा प्रोग्राम प्रोफाइल वाचत नाही असे समजावे. कॅलिब्रेशन पुन्हा करून उपयोग होत नाही. मात्र मॉनिटरचे प्रोफाइल फोटोशॉपमध्ये ‘वर्किंग स्पेस’ म्हणून निवडणे ही चूक आहे. त्या प्रोफाइलची जागा ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये असते, आणि फोटोला एसआरजीबीसारखे सर्वमान्य प्रोफाइलच जोडायचे असते.

विंडोजवर ही फाइल `C:\Windows\System32\spool\drivers\color` या फोल्डरमध्ये राहते. तिच्या नावात मॉनिटर, उजेड आणि तारीख लिहून ठेवावी. ती नोंद त्याच ब्राइटनेसला आणि त्याच रंगमात्रांना लागू असते. नंतर कोणी मॉनिटरची बटणे दाबली की फाइल आहे तशीच राहते आणि वर्णन खोटे ठरते. कार्डातला तक्ताही संगणक झोपेतून उठल्यावर किंवा एखादा गेम चालवल्यावर पुसला जाऊ शकतो. लॉगिननंतर क्षणभरात पडद्याची छटा किंचित बदलते, ते तक्ता चढल्याचे लक्षण. बदल दिसणे बंद झाले तर शंका घ्यावी. राखाडी पट्टी उघडून पाहणे ही त्याहून चांगली परीक्षा: तिच्यात कुठे गुलाबी किंवा हिरवट झाक आली, की काहीतरी बिनसले आहे.

शेवटी येणाऱ्या तपासणी अहवालावर मात्र पूर्ण विसंबू नये. मोजलेला रंग आणि अपेक्षित रंग यांतली तफावत तो डेल्टा ई या आकड्यात देतो, आणि सरासरी 1 च्या खाली आली की लोक खूश होतात. पण तपासणारे यंत्र तेच असते ज्याने कॅलिब्रेशन केले. यंत्रच चुकीचे मोजत असेल, तर अहवाल तरीही सुंदर येतो. कलरीमीटरच्या गाळण्या माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रकारच्या पडद्यासाठी वेगळी दुरुस्ती लागते. साधा पांढरा एलईडी, मोठ्या रंगव्याप्तीचा एलईडी आणि ओएलईडी यांपैकी योग्य प्रकार प्रोग्राममध्ये निवडला नाही, तर पांढऱ्यावर रंगाची झाक राहते आणि आकडे मात्र चोख दिसतात. सेंद्रिय रंगांच्या गाळण्या असलेली जुनी यंत्रे उष्णतेने आणि दमट हवेने हळूहळू बिघडतात, तेव्हा जुने यंत्र विकत घेताना ही बाब ध्यानात घ्यावी.

शेजारी ठेवलेले दोन वेगळ्या प्रकारचे मॉनिटर एकाच लक्ष्यावर आणले तरी त्यांचे पांढरे कधी कधी वेगळे दिसतात. त्यांच्या उजेडाची घडण वेगळी असल्याने आकडे जुळूनही डोळ्याला फरक कळतो. अशा वेळी मुख्य मॉनिटर यंत्राने बसवून दुसऱ्याचा पांढरा त्याच्याकडे पाहत डोळ्याने जुळवावा, आणि तोच पांढरा लक्ष्य धरून दुसऱ्याचे प्रोफाइल करावे. छपाईचे काम असलेल्यांनी महिन्याभराने मोजमाप पुन्हा करावे, कारण मॉनिटरचा दिवा वापराने मंद होत जातो.